इथपासून इथपर्यंत: व्हिडिओच्या नेमक्या तुकड्याची लिंक

गाणे शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो. दोन तासांच्या मैफलीची यूट्यूब लिंक, आणि खाली मजकूर: ‘एक तास बारा मिनिटांपासून ऐका. फक्त तीन आवर्तने. पुढचे आत्ता नको.’ मग शिष्य फोनवर बोट सरकवत बसतात. पडद्यावरची ती पट्टी जेमतेम सहा-सात सेंटिमीटरची असते, आणि तिच्यात दोन तास कोंबलेले असतात. म्हणजे एका मिलिमीटरात पावणेदोन-दोन मिनिटे. विलंबित एकतालाचे आवर्तन अनेकदा एका मिनिटाच्या आतच संपते, त्यामुळे बोट केसभर हलले तरी दोन आवर्तने हातची जातात. कुणी आलापाऐवजी तान ऐकतो, कुणी कंटाळून सुरुवातीपासून लावतो. दुसऱ्या दिवशी शिकवणीत प्रत्येकाने वेगळाच तुकडा ऐकलेला असतो.

ही अडचण लिंकमध्येच सोडवता येते. व्हिडिओ कोणत्या सेकंदाला सुरू व्हावा आणि कोणत्या सेकंदाला थांबावा, हे दोन्ही आकडे पत्त्यात लिहिता येतात. सुरुवातीचा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो. थांबण्याच्या आकड्यापाशी मात्र घोळ होतो, कारण तो यूट्यूबच्या नेहमीच्या लिंकमध्ये चालतच नाही. आणि शिकवणाऱ्याच्या दृष्टीने थांबणेच जास्त महत्त्वाचे आहे. ‘इथून ऐक’ एवढेच सांगितले तर नेमके काय ऐकायचे होते हे ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण गाणे पुढे वाहतच राहते. ‘इथपर्यंत’ म्हटले की लक्ष कशावर ठेवायचे ते ठरते.

आधी वेळ नीट मोजून घेऊ. उदाहरण म्हणून दोन तासांच्या मैफलीतला तोडीचा बडा ख्याल धरू. ठेका विलंबित एकताल, आवर्तन साधारण 52 सेकंदांचे. बारा मात्रांना 52 सेकंद, म्हणजे एक मात्रा सव्वाचार सेकंदांहून किंचित मोठी. शिक्षिकेला तीन आवर्तनांतली बढत ऐकवायची आहे. यात पहिली समजण्याची गोष्ट अशी की तुकडा समेपासून सुरू करून चालत नाही. मुखडा समेच्या आधी उचललेला असतो, आणि तो ऐकू आला नाही तर सम कुठे पडली हेच नवशिक्याला उमगत नाही. आपल्या उदाहरणात मुखडा 1 तास 12 मिनिटे 34 सेकंदांना उचलला जातो आणि चार सेकंदांनी, 1:12:38 ला, सम येते. तिथून तीन आवर्तने म्हणजे 156 सेकंद, तेव्हा तिसरे आवर्तन पुरे करणारी सम 1:15:14 ला. ती सम पुरती कानावर पडावी म्हणून दोन सेकंद जास्तीचे द्यायचे. तुकडा ठरला: 1:12:34 ते 1:15:16.

या वेळा फोनवर शोधण्यापेक्षा संगणकावर शोधाव्यात. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचे J दाबले की दहा सेकंद मागे जाता येते, L दाबले की दहा सेकंद पुढे. बाणांच्या कळांनी पाच-पाच सेकंद सरकता येते. व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली तर एकेक चित्र मागे, पूर्णविरामाची दाबली तर एकेक चित्र पुढे. मुखड्याचा पहिला उच्चार नेमका कुठे आहे ते असे मागे-पुढे करत दोनेक मिनिटांत सापडते. गाण्याच्या बाबतीत कानाबरोबर डोळ्याचीही मदत होते, कारण तबलजीचा हात समेला पडताना दिसतो.

आता या वेळांचे सेकंद करायचे. तासाचे 3600, मिनिटाचे 60. सुरुवात: 3600 अधिक 12 गुणिले 60 म्हणजे 720, अधिक 34. एकूण 4354. शेवट: 3600 अधिक 900 अधिक 16, म्हणजे 4516. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. यापुढचे सगळे काम त्यांच्यावरच चालते.

फक्त सुरुवात ठरवायची असेल तर नेहमीच्या लिंकच्या शेवटी t जोडायचा. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला अकरा अक्षरांची ओळख असते. खाली जिथे VIDEO_ID लिहिले आहे तिथे ती येते.

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&t=4354
https://youtu.be/VIDEO_ID?t=4354
```

संगणकावर Share दाबल्यावर Start at अशी चौकट दिसते. तिच्यात खूण केली की हेच काम आपोआप होते. हाताने लिहिताना एक चूक फार होते. लिंकमधल्या पहिल्या जास्तीच्या सूचनेआधी प्रश्नचिन्ह येते आणि त्यानंतरच्या प्रत्येक सूचनेआधी & हे चिन्ह. यूट्यूबवरून कॉपी केलेल्या छोट्या लिंकमध्ये हल्ली ?si= असे काहीतरी आधीच असते. त्याच्यापुढे पुन्हा ?t=4354 लिहिले तर एका पत्त्यात दोन प्रश्नचिन्हे होतात आणि व्हिडिओ सुरुवातीपासून लागतो. तिथे &t=4354 हवे. किंवा si चा तो सगळा भाग पुसून टाकावा. व्हिडिओ लागण्यासाठी त्याची गरज नसते.

बहुतेक लोक इथून पुढे तर्काने जातात: t चालतो तर शेवटी &end=4516 लिहूया. लिंक उघडते, व्हिडिओ बरोबर जागी सुरू होतो, चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही. आणि 1:15:16 ओलांडून गाणे निवांत पुढे जाते. यूट्यूबचे नेहमीचे पान end वाचतच नाही. त्याला न कळणारी सूचना ते गुपचूप बाजूला टाकते. पाठवणाऱ्याने फक्त सुरुवात तपासलेली असते, त्यामुळे त्याला वाटते काम झाले. अशी लिंक तपासताना शेवटापर्यंत ऐकावीच लागते, दुसरा उपाय नाही.

end वाचतो तो यूट्यूबचा एम्बेड प्लेअर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पानात बसवता येणारा प्लेअर. त्याचा पत्ता वेगळा असतो:

```
https://www.youtube.com/embed/VIDEO_ID?start=4354&end=4516
```

इथे t ऐवजी start आहे हे लक्षात घ्या. दोन्ही जागी निव्वळ सेकंद लागतात, तेही पूर्णांकात. नेहमीच्या लिंकमध्ये t=1h12m34s असे लिहिले तरी चालते. एम्बेडच्या start मध्ये तसे लिहून चालत नाही. अर्धा सेकंदही देता येत नाही. दुसरी गोष्ट, end चा आकडा व्हिडिओच्या आरंभापासून मोजायचा असतो, तुकड्याच्या आरंभापासून नव्हे. आपला तुकडा 162 सेकंदांचा आहे म्हणून कुणी end=162 लिहिले तर शेवट सुरुवातीच्या तासभर आधी येतो आणि त्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

हा पत्ता तयार झाला की तो थेट ग्रुपवर टाकण्याचा मोह होतो. पूर्वी ते चालत असे. आता त्या पत्त्यावर थेट गेल्यास बऱ्याचदा काळ्या चौकटीत Error 153 दिसते. कारण असे की एम्बेड प्लेअर कोणत्या पानात बसला आहे, हे यूट्यूब आता विचारते. एका पानावरून दुसरीकडे काही मागवताना ब्राउझर आधीच्या पानाची ओळख सोबत पाठवतो. त्याला रेफरर म्हणतात. व्हॉट्सअॅपमधून किंवा पत्त्याच्या पट्टीत चिकटवून उघडलेल्या लिंकला मागचे पानच नसते, तेव्हा ओळख कसली देणार? संगणकावर साठवलेली एचटीएमएल फाइल दोनदा क्लिक करून उघडली तरी हीच चूक दिसते. तिथेही वेबवरचे पान नसते.

म्हणून एक पाऊल वाढते. प्लेअर आपल्या एखाद्या पानात बसवायचा आणि त्या पानाची लिंक पाठवायची. स्वतःचे संकेतस्थळ असायलाच हवे असे नाही. ब्लॉगरवर फुकट खाते उघडून नवी नोंद सुरू करा. लिहिण्याच्या चौकटीवर, डाव्या कोपऱ्यात Compose view आणि HTML view अशी निवड मिळते. HTML view मध्ये जाऊन हे चिकटवा:

```html
<iframe width="560" height="315"
 src="https://www.youtube.com/embed/VIDEO_ID?start=4354&end=4516"
 title="तोडी: विलंबित, तीन आवर्तने"
 referrerpolicy="strict-origin-when-cross-origin"
 allowfullscreen></iframe>
```

referrerpolicy ची ओळ गाळू नका. आपल्या पानाची ओळख यूट्यूबला पोहोचवण्याची परवानगी तीच ब्राउझरला देते. नोंद प्रकाशित केली की तिचा पत्ता ग्रुपवर टाकायचा. शिष्याने उघडून प्लेअरचा त्रिकोण दाबला की मुखडा ऐकू येतो, आणि तिसऱ्या आवर्तनानंतरच्या समेवर गाणे थांबते. चौकटीखाली दोन ओळी लिहायलाही जागा मिळते: ‘पहिल्या आवर्तनात धैवत कसा लावला आहे पाहा’. शिकवणीसाठी हे फार सोयीचे पडते. एकाच पानावर एकाच मैफलीतले चार तुकडे चार चौकटींत बसवले तर आठवड्याचा अभ्यास एका जागी होतो.

शिष्य यूट्यूबच्या पानावर न जाता तुमच्या पानावर ऐकत असला तरी रेकॉर्डिंग मूळ वाहिनीवरच राहते आणि तिथूनच वाजते. तुकडा कापून, फाइल करून व्हॉट्सअॅपवर फिरवण्यापेक्षा मला हे कितीतरी योग्य वाटते. कापलेली फाइल दोन-चार ग्रुप फिरली की गायक कोण, मैफल कुठली, हे तिच्यापासून सुटून जाते. ‘इथपासून इथपर्यंत’ची लिंक ऐकणाऱ्याला नेमका तुकडा देते आणि आधी-नंतरचे सगळे गाणे बोटाच्या अंतरावर ठेवते.

आता ती कुठे चुकते ते पाहू. चुकण्याच्या तऱ्हा ठरावीक आहेत आणि लक्षणावरून कारण ओळखता येते.

तुकडा सेकंद-दोन सेकंद आधी सुरू होत असेल तर तुमचे गणित बरोबर आहे. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. काही सेकंदांतून एकदा पूर्ण चित्र असते, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढी नोंद असते. प्लेअर मध्येच उडी मारतो तेव्हा जवळचे पूर्ण चित्र गाठून तिथून सुरुवात करतो. यूट्यूब स्वतःच सांगते की हा फरक साधारण दोन सेकंदांपर्यंतचा असू शकतो. ख्यालात एक मात्रा सव्वाचार सेकंदांची असताना त्याने बिघडत नाही. द्रुत तीनतालातला एखादा तिहाईचा तुकडा असेल तर मात्र दोन सेकंदांत बरेच काही येऊन जाते. तिथे सुरुवात नेमकी धरण्याच्या खटपटीत न पडता एक आवर्तन आधीपासून घ्यावे.

व्हिडिओ थेट शून्यापासून लागत असेल तर आकडा लिहिण्यात चूक आहे. दोन प्रश्नचिन्हे, एम्बेडमध्ये start च्या जागी t, किंवा आकड्यात तास-मिनिटांची अक्षरे, या तिन्हींपैकी एक सापडतेच.

सुरुवात बरोबर आहे पण थांबत नाही, तर पत्त्यात embed आहे का ते पाहा. embed असूनही थांबत नसेल तर ऐकणाऱ्याने पट्टीवर बोट सरकवलेले असण्याची शक्यता मोठी. मध्ये उडी मारली की ठरवलेला शेवट रद्द होतो. तसेच तुकडा थांबल्यावर प्लेअरमधूनच पुन्हा लावला तर तो आपल्याच जागेपासून सुरू होईल असे धरून चालू नये. पुन्हा ऐकायचे असेल तर पान रिफ्रेश करावे, म्हणजे दोन्ही आकडे नव्याने वाचले जातात. शिष्यांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण रियाजासाठी तुकडा एकदाच कुणी ऐकत नाही.

चौकटीत ‘हा व्हिडिओ यूट्यूबवरच पाहा’ अशा अर्थाचा संदेश आला तर वाहिनीच्या मालकाने दुसरीकडे बसवायला परवानगी दिलेली नाही. त्यावर तुमच्याकडे इलाज नाही. तिथे t ची लिंक पाठवायची आणि कुठे थांबायचे ते शब्दांत लिहायचे.

सर्वांत फसवी तऱ्हा ही: कालपर्यंत बरोबर चालणाऱ्या सगळ्या लिंका आज एकसारख्याच अंतराने चुकतात. असे झाले तर मालकाने व्हिडिओची सुरुवात छाटली आहे असे समजावे. थेट प्रक्षेपणाच्या रेकॉर्डिंगमध्ये आधीची दहा मिनिटे माइकची तपासणी आणि सतरंज्यांची हलवाहलव असते. यूट्यूबच्याच संपादन सोयीतून मालक ती नंतर काढून टाकतो. व्हिडिओचा पत्ता तोच राहतो, आतली वेळ मात्र सरकते. छाटलेला भाग 600 सेकंदांचा असेल तर start आणि end दोन्हींतून 600 वजा करा, सगळे जागेवर येईल. म्हणूनच ताज्या प्रक्षेपणावरून लगेच तुकडे काढण्याची घाई करू नये.

इतका व्याप कशाला, यूट्यूबने 2021 मध्ये आणलेली क्लिपची सोय पुरेशी नाही का, असे काहींना वाटेल. ती 5 ते 60 सेकंदांच्या तुकड्यापुरतीच आहे. आपली तीन आवर्तने तिच्यात मावत नाहीत. बडा ख्याल शिकवणाऱ्याला ती एका आवर्तनापुरती उपयोगी पडते, त्यापुढे नाही.

रेकॉर्डिंग स्वतःचेच असेल तर याहून सोपी वाट आहे. शिक्षिकेने आपल्याच गाण्याची किंवा शिकवणीची फाइल, समजा एमपी4, एखाद्या सर्व्हरवर किंवा इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवली आणि त्या फाइलचा थेट पत्ता हाती असला, तर त्याच्या शेवटी एवढेच जोडायचे:

```
https://example.org/todi.mp4#t=4354,4516
```

ही पद्धत कुठल्या एका कंपनीची नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने 25 सप्टेंबर 2012 रोजी ती प्रमाण म्हणून जाहीर केली, आणि नेहमीच्या वापरातले ब्राउझर ती पाळतात. स्वल्पविरामाआधी सुरुवात, नंतर शेवट. सेकंदांचा हिशेब नको असेल तर #t=1:12:34,1:15:16 असेही लिहिता येते. इथे 4354.5 असा अर्धा सेकंदही चालतो. आणि ही लिंक थेट व्हॉट्सअॅपवर टाकता येते, मध्ये पान लागत नाही. शेवट आला की प्लेअर थांबतो, पुन्हा दाबले तर तिथून पुढे जातो. ज्याला चौथे आवर्तन ऐकायचे आहे त्याला ती मुभा राहते.

यात # च्या पुढचा मजकूर सर्व्हरकडे जातच नाही. तो ब्राउझर आपल्याजवळ ठेवतो, आणि सर्व्हरकडे फाइलचा फक्त मधला भाग मागतो. सर्व्हरला असा मधलाच भाग देता आला पाहिजे. ज्याला येत नाही तो फाइल अगदी आरंभापासून पाठवू लागतो, आणि मग एकतर बराच वेळ चक्र फिरत राहते किंवा गाणे शून्यापासून लागते. असे दिसले तर लिंकमध्ये दोष शोधत बसू नका, फाइल दुसरीकडे ठेवा. गूगल ड्राइव्हच्या लिंकला ही शेपटी लावून उपयोग नाही. ती लिंक फाइल उघडत नाही, ड्राइव्हचे स्वतःचे पान उघडते, आणि त्या पानाला तुमचा #t कळत नाही.

लिंक पाठवण्याआधी ती स्वतःच्या नव्हे तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून, तुकडा थांबेपर्यंत ऐकावी. आणि लिंक कितीही नेटकी जमली तरी तिच्याखाली व्हिडिओचे नाव, गायकाचे नाव आणि ‘1:12:34 ते 1:15:16’ एवढे साध्या अक्षरांत लिहावेच. पान उघडले नाही तर त्या ओळीवरून शिष्य तुकडा स्वतः शोधू शकतो.